वाईट दिवसाचं पान

आमच्या वहिनीला चांगलं काही दिसतच नाही, असं दादा चारचौघांत हसत हसत सांगायचा आणि ती ते निमूट ऐकून घ्यायची. ते काही अगदीच खोटं नव्हतं. लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये पाय ठेवल्या ठेवल्या तिने काय विचारलं, तर इथे मागचं दार कुठे आहे. नवरी मुलगी लाजेल, मुरडेल, निदान साडीचा पदर सावरेल, तर हिला आग लागली तर माणसं कुठून बाहेर काढायची याची चिंता. माझी आई तेव्हा माझ्या कानात पुटपुटली की पोरगी जरा विचित्र आहे, पण घर राखील. आईने आयुष्यात बरीच भाकितं केली, त्यातलं हे एक खरं ठरलं.

दादाचं हार्डवेअरचं दुकान होतं. नळ, पाइप, वॉशर, बिजागऱ्या, कुलपं, बल्ब, रंगाचे डबे, सुटे खिळे आणि सुटे स्क्रू. दादा गल्ल्यावर बसायचा आणि येणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या घरादारासकट ओळखायचा. कोणाचा नळ गळतोय, कोणाच्या दाराला वाळवी लागली, कोणाच्या सासऱ्याने नवीन खोली काढली, सगळं त्याच्या तोंडावर असायचं. मागे खरेदी, साठा आणि हिशेब वहिनीकडे. आणि या दोघांच्या मधे इंची. त्याचं खरं नाव लोक विसरून गेले होते. कमरेला मोजायची टेप, कानावर पेन्सिल, आणि जगातली कुठलीही गोष्ट तो इंचांत सांगायचा, म्हणून इंची. पाइप कापणं, त्याला आटे पाडणं, किल्ल्या बनवणं हे त्याचं काम. दुकान उघडलं त्या दिवसापासून तो तिथे होता.

मी पाणीखात्यात मीटर वाचतो. माझा आणि दुकानाचा संबंध एवढाच, की मी दादाचा धाकटा भाऊ आणि वहिनीचा एकुलता एक दीर. पण वहिनीने मला त्यात ओढलं, आणि तेही अशा जागी ओढलं की अजून तिथून बाहेर पडता आलेलं नाही.

झालं असं, की शेजारचा गाळा रिकामा झाला आणि दादाने दुकान वाढवायचं ठरवलं. बँकेने धंद्याची योजना लिहून आणायला सांगितली. दादाने ती तोंडी सांगितली असती तर बँकेतली माणसं टाळ्या वाजवून उठली असती, पण लिहायला बसली वहिनी. विक्री, खर्च, नफा सगळं झालं. बँकेतल्या बाईंनी कागद चाळले आणि विचारलं, उद्या शेजारी एखादं मोठं दुकान आलं, किंवा त्यांनी भाव पाडले, तर तुम्ही काय करणार? दादा म्हणाला, येऊ दे की, चहा पाजू. बाई हसल्या. वहिनी मात्र हसली नाही. घरी आली, पदर खोचला आणि दोन दिवस बसून तिने ते एक पान लिहिलं. दादाने त्याला नाव दिलं, वाईट दिवसाचं पान.

कर्ज मंजूर झालं, पुढे यथावकाश फिटलंही. कोणीही शहाणा माणूस तो कागद फाइलमध्ये ठेवून विसरला असता. वहिनीने विसरू दिलं नाही. दरवर्षी माल मोजायच्या दिवशी दुकान बंद असायचं, शटर अर्धं खाली, आणि मोजणी संपली की चहा व्हायच्या आधी ती ते पान मोठ्याने वाचायची. दादा, मी आणि इंची, आम्ही तिघे रंगाच्या डब्यांवर बसून ऐकायचो. गेल्या वर्षात जे बदललं ते ती तिथल्या तिथे दुरुस्त करायची. दादा दर वेळी म्हणायचा, झालं अभद्र वाचून? आता चहा आण.

पण ऐकून ऐकून ते मला पाठ झालं होतं. मोठं दुकान यायच्या आधीच कोणत्या खुणा दिसतील, ते त्यात होतं. खुणा दिसू लागल्या की माल थोडा थोडा पण वरचेवर मागवायचा, रंगाचा साठा सर्वांत आधी कमी करायचा, कारण रंगात आपण त्यांच्यापुढे टिकणार नाही. न खपलेला माल परत घेणाऱ्या व्यापाऱ्याकडूनच खरेदी करायची. गाळ्याचा करार लांब मुदतीचा करायचा नाही, थोड्या महिन्यांच्या नोटिशीवर सोडता येईल असा करायचा. त्यांनी आपला माणूस मागितला तर अडवायचं नाही. आणि भाव पाडले तर सगळ्या वस्तूंचे भाव पाडायचे नाहीत. लोकांना भाव तोंडपाठ असतात ते मोजक्या वस्तूंचे, बल्ब, टेप, साधं कुलूप, पांढऱ्या रंगाचा डबा. तेवढ्यांचेच भाव खाली आणायचे, तेही खरेदीच्या खाली नाही. वॉशर, बिजागरी, पाइपाचा कोपर यांचे भाव कोणाला माहीत नसतात, ते तसेच ठेवायचे, कारण दुकान त्यांच्यावर चालतं. जे त्यांना जमणार नाही ते वाढवायचं. सुटं विकायचं, कापून द्यायचं, बसवून द्यायचं.

आणि शेवटी बंद करण्याबद्दल. मालाची किंमत वजा जाता उरलेल्यातून भाडं, पगार आणि वीज निघाली पाहिजे. लागोपाठ तीन महिने निघाली नाही, आणि गाठीला ठेवलेली रक्कम खाली येत येत ठरलेल्या खुणेला टेकली, तर दुकान बंद. ती खूण म्हणजे रीतसर बंद करायला जेवढे लागतात तेवढे पैसे. व्यापाऱ्यांची बिलं, इंचीचा सगळा हिशेब, गाळ्याच्या नोटिशीचं भाडं. त्याला हात लावायचा नाही.

हे कोणी ठरवायचं, तेही लिहिलं होतं. जो दुकानात उभा राहतो त्याने ठरवायचं नाही, कारण त्याला समोरचं गिऱ्हाईक दिसतं. ठरवायचं भाऊजींनी, म्हणजे मी. आणि त्या दिवशी आमच्यापैकी कोणी 'अजून एक महिना' म्हणालं, तर ऐकायचं नाही. हे वाक्य वाचताना वहिनी दरवर्षी दादाकडे बघायची आणि आम्ही सगळे हसायचो. खाली दादा, वहिनी आणि मी, अशा तिघांच्या सह्या होत्या. मी ती सही कशी केली असेल? चहा थंड होत होता म्हणून केली.

पहिली खूण माझ्याच हातात आली. आमच्या कचेरीत नव्या नळजोडण्यांचे अर्ज फळ्यावर लावतात, कोणाची हरकत असेल तर घ्यावी म्हणून. एका सकाळी तिथे बंद गिरणीच्या जागेसाठी अर्ज लागला. एवढी मोठी जोडणी आम्ही इस्पितळाला देतो. अर्जदाराचं नाव तुम्ही आम्ही सगळे ओळखतो, त्याची दुकानं प्रत्येक मोठ्या शहरात आहेत. गिरणी दादाच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर. मी तसाच सायकलवर टांग मारून दुकानात गेलो. दादा म्हणाला, अरे पाणीच मागतायत ना, दे की बिचाऱ्यांना. वहिनीने बिल लिहिता लिहिता हात थांबवला, मला बसायलासुद्धा सांगितलं नाही, आणि रंगाच्या व्यापाऱ्याला फोन लावून पुढची मागणी निम्मी केली.

मग गिरणीभोवती पत्रे लागले. पत्र्यांमागे दिवसभर काहीतरी आदळायचं आणि दुकानातल्या फळ्यांवरचे काचेचे बल्ब हलके किणकिणायचे. त्या आवाजाची दादाला सवय झाली, वहिनीला नाही. ती मधेच हातातलं काम सोडून ऐकत राहायची. समोरच्या फुटपाथवर दोन तरुण मुलं दोन दिवस उभी होती, हातात एक छोटं यंत्र, दुकानात कोणी शिरलं की बोटाने दाबायची. दादाने त्यांना उन्हात उभं पाहून पाणी पाठवलं.

पण मला विसरता येत नाही तो एक गृहस्थ. स्वच्छ शर्ट, मऊ बोलणं. त्याने एक बल्ब घेतला, एक टेप, एक कुलूप, एक बिजागरी, एक नळ, दोन तऱ्हेचे वॉशर, आणि पक्कं बिल मागितलं, प्रत्येक वस्तूचा भाव वेगळा लिहून. दादा त्याच्यावर खूश. नवीन घर घेतलं वाटतं, म्हणून विचारपूस केली, चहा मागवला, वर दोन वस्तूंवर सूटही दिली. तो माणूस चहा प्यायला, मनापासून आभार मानले आणि गेला. वहिनी मागून बाहेर आली आणि त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिली. तिने मला विचारलं, एका घरात एकच बिजागरी कोण बसवतं? दाराला निदान दोन तरी लागतात. दादाने तेव्हाही हसण्यावारी नेलं. पण त्या वर्षी मोजणीच्या दिवशी पानात एक नवी खूण लिहिली गेली.

ते दुकान उघडलं तेव्हा वहिनी पिशवी घेऊन पहिल्याच दिवशी आत फिरून आली. मीही गेलो होतो, मला मीटरची जागा बघायची होती. आत गार हवा, पांढरा उजेड, आणि इतकी रुंद वाट की आमचं दुकान तिच्यात आडवं मावलं असतं. दारातच बल्बांचा ढीग होता आणि त्यावर भाव. तो भाव आमच्या खरेदीच्या खाली होता. वहिनी त्या ढिगापाशी थांबलीच नाही. सरळ आत गेली, कोपऱ्यातल्या फळीवरची बिजागरी उचलून भाव बघितला, आणि माझ्याकडे बघून पहिल्यांदा थोडी हसली. बिजागरी आमच्यापेक्षा महाग होती. ती म्हणाली, पानात लिहिलंय तसंच आहे. इतकी वर्षं जिचं सगळे हसं करत होते, तिचं बरोबर ठरलं होतं, आणि मला त्या गार हवेत अंगावर काटा आला.

आता ऐका, की सगळं बरोबर ठरूनही गाडी कुठे अडली.

वहिनीने चार वस्तूंचे भाव खाली आणले, बाकीच्यांना हात लावला नाही. गाळ्याचा करार तिने आधीच छोट्या मुदतीचा करून घेतला होता. प्लंबर लोकांसाठी इंची सकाळी लवकर दुकान उघडू लागला. आणि दुकान चालत होतं. खरं सांगतो, गर्दी पूर्वीपेक्षा जास्त दिसायची. मी दादाची पाठ थोपटली. वहिनी गर्दी बघून खूश व्हायच्या ऐवजी दिवसेंदिवस गप्प होत चालली. दुकानात गर्दी आणि गल्ल्यात शुकशुकाट, हे तिला कळत नव्हतं. माल जात होता, मागे काही राहत नव्हतं.

ते तिला कळलं एका प्लंबरच्या तोंडून. तो कौतुकाने म्हणाला की दादांसारखा माणूस नाही, पलीकडच्या दुकानाचा भाव सांगितला की एक शब्दही न बोलता त्याच भावात देतात. वहिनीने विचारलं, काय काय देतात? तो म्हणाला, सगळंच.

दादा खोटं बोलला नव्हता, त्याने कोणाला फसवलं नव्हतं. त्याला फक्त नाही म्हणता येत नव्हतं. समोर वर्षानुवर्षांचा माणूस उभा, तो म्हणतो पलीकडे नळ इतक्याला आहे, आणि दादाने त्याला काय सांगायचं, मग तिकडे जा? ज्या तोंडाने त्याच्या मुलीच्या बारशाला जेवला त्याच तोंडाने? पलीकडे तो भाव खरंच आहे का, हेही तो विचारायचा नाही. विचारणं म्हणजे अविश्वास. लोक हळूहळू शिकले. पलीकडे न जाताच पलीकडचे भाव सांगू लागले. त्या पानात खुणा होत्या, भाव होते, करार होता, व्यापारी होते. फक्त दादा नव्हता.

त्यावरून घरात भांडण झालं असेल, माझ्या कानावर आलं नाही. एवढं दिसलं की दुसऱ्या दिवसापासून वहिनी स्वतः गल्ल्यावर बसू लागली. लोक तिच्यापाशी भाव करायला कचरायचे, म्हणून मग येईनासेच झाले. दादा पाइपांच्या बाजूला एका डब्यावर बसून राहायचा, आणि कोणी आत डोकावलं की उगाचच उभा राहायचा. मला त्याचा राग यायचा आणि त्याच्याकडे बघवायचंही नाही.

याच सुमारास पलीकडच्यांनी इंचीला बोलावलं. पगार दीडपट, गणवेश, सुट्ट्या. पानात स्वच्छ लिहिलं होतं की अडवायचं नाही, आणि वहिनी त्याला म्हणालीही, जा. पण दादाने त्याचा हात धरला. तू गेलास तर माझं काय राहिलं रे इथे, असं काहीतरी म्हणाला. इंचीने टेप कमरेला परत अडकवली आणि पाइप कापायला घेतला. पलीकडच्यांनी त्या जागी दुसरा माणूस घेतला.

पहिला महिना खर्च निघाला नाही. दुसराही नाही. मी दर महिन्याला पलीकडच्या दुकानाचं मीटर वाचायला जायचो, आणि दर महिन्याला दारातला तो बल्बांचा ढीग तेवढाच उंच असायचा. त्या मधल्या काळात मला दुकानात जायचं टाळावंसं वाटे. गेलो तर इंची स्टूल पुढे करायचा, दादा हवापाण्याच्या गप्पा काढायचा, आणि तिघेही माझ्या तोंडाकडे असे बघायचे, जणू रोगी डॉक्टरच्या तोंडाकडे बघतोय. मी कोण? पाण्याचे आकडे टिपणारा माणूस. ज्याने एकदा चहा थंड होऊ नये म्हणून सही केली.

तिसरा महिना संपला त्याच्या दुसऱ्या सकाळी वहिनी माझ्या कचेरीत आली. इतक्या वर्षांत ती तिथे कधी आली नव्हती. तक्रार घेऊन येणाऱ्यांसाठी एक लाकडी बाक आहे, त्यावर ती पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. एका बाजूला पाणी गढूळ येतं म्हणणारी बाई, दुसऱ्या बाजूला बिल जास्त आलं म्हणणारा म्हातारा. मी तिला आत बोलावलं तर म्हणाली, नको, इथेच बरं आहे. मग मीच तिच्याशेजारी बसलो.

तिने आकडे सांगितले. खर्च निघाला नव्हता. गाठीची रक्कम खुणेला टेकली होती. हे सगळं तिने बाजारातल्या भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मला वाटलं, आता म्हणेल, भाऊजी, पान वाचा.

ती म्हणाली, "भाऊजी, अजून एक महिना."

मला आधी नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं. ती पुढे बोलत राहिली, तिच्या नेहमीच्या पद्धतीने, एकामागून एक मुद्दा. हे गल्ल्यावरून उठलेत, आता तोटा थांबलाय, फक्त उशिरा थांबला. प्लंबर परत येऊ लागलेत. पलीकडचे बल्ब खरेदीच्या खाली विकतायत, हे कोणीच कायमचं करू शकत नाही, दुसऱ्या एका गावात त्यांनी काही महिन्यांनी भाव वाढवल्याचं तिने व्यापाऱ्याकडून ऐकलं होतं. एकदा का भाव वर गेले, की आपण आहोतच. एकच महिना. प्रत्येक मुद्दा पटण्यासारखा होता. दादाने मागितलं असतं तर मी हसलो असतो, चिडलो असतो, भांडलो असतो. पण वहिनीने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, आणि मागताना ती माझ्याकडे बघत नव्हती, बिलवाल्या म्हाताऱ्याच्या चपलांकडे बघत होती.

"महिन्याचा खर्च कुठून?" मी विचारलं.

ती म्हणाली, बंद करायच्या रकमेतून, भरून काढू.

"नाही," मी म्हणालो. "त्यात इंचीचे आहेत."

तिने मान हलवली. लगेच उठली. पिशवीचे बंद एकसारखे केले, गढूळ पाण्याच्या बाईला जरा सरकायला सांगितलं आणि जिना उतरून गेली. मला तेव्हा कळलं, की ते वाक्य लिहिताना ती दादाकडे बघायची खरी, पण लिहिलं होतं स्वतःसाठी.

त्याच दुपारी आम्ही दुकानात बसलो, शटर अर्धं खाली, माल न मोजताच. मी पान वाचलं. माझा आवाज मधेच फाटला, तर दादा म्हणाला, वाच, सगळं वाच. शेवटच्या ओळीपर्यंत तो ऐकत होता. अभद्र हा शब्द त्याने काढला नाही. खाली आपली सही बघितली, त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "इंचीला मी सांगतो." इंची तिथेच होता, चार हातांवर, त्याने सगळं ऐकलं होतं. तरी दादा उठून त्याच्याजवळ गेला आणि त्याला बाजूला नेऊन हळू आवाजात पुन्हा सगळं सांगितलं. इंचीही पहिल्यांदाच ऐकतोय असा ऐकत राहिला.

सगळ्यांचे पैसे मिळाले. व्यापाऱ्यांनी न खपलेला माल परत घेतला, वहिनीने तसेच व्यापारी निवडले होते. गाळा मालकाला परत गेला. इंचीला त्याचा हिशेब पूर्ण मिळाला, पण पलीकडे त्याची जागा भरली होती, म्हणून तो आता पिशवीत हत्यारं घेऊन घरोघर नळ दुरुस्त करत फिरतो. दुकानाच्याच रस्त्यावर रंगाचं दुकान असलेल्या रंगवाल्याने तसं काही पान लिहिलेलं नव्हतं. त्याने एकेक महिना ओढला आणि शेवटी राहतं घर विकलं. लोक आमचं उदाहरण देऊ लागले की बघा, कसे वेळेवर बाहेर पडले. दादा ते ऐकून तिथून उठून जायचा. माझ्याशी तो बोलतो, पण जेवढ्यास तेवढं.

रंगवाल्याचं शटर पडल्यावर थोड्याच दिवसांत मी पलीकडे मीटर वाचायला गेलो, तर दारातला ढीग नव्हता. बल्ब आत फळीवर गेले होते. भाव मी बघितला, आणि पुन्हा बघितला. आमच्या जुन्या भावापेक्षा चांगलाच वर होता. नळही, टेपही, कुलूपही. मी तो आकडा कोणाला सांगितला नाही. रात्री जेवताना बायकोने विचारलं काय झालं, तर म्हणालो, उन्हाने डोकं चढलंय.

वहिनीला सांगायची गरजच नव्हती. एका रविवारी सकाळी ती माझ्या घरी आली. तिच्या स्वयंपाकघरातला नळ गळत होता म्हणून तिने पलीकडून वॉशर आणला होता. आयुष्यात पहिल्यांदा तिने वॉशर विकत घेतला, तोही सुटा मिळेना, पाकीटच घ्यावं लागलं. लागणारा एक काढून घेऊन बाकीचं पाकीट तिने माझ्या टेबलावर ठेवलं. तुमच्याकडे असू द्या, म्हणाली. मी त्या पाकिटावरच्या भावाकडे बघत होतो आणि ती माझ्याकडे.

"भाव बघितलात ना?" ती म्हणाली. "आपण गेलो, रंगवाले गेले, मग वाढवला. तुम्ही मला महिना दिला असता, तर त्यांनीही महिनाभर वाट बघितली असती. पुढचा दिला असता, तर पुढचाही. तुमचं बरोबरच होतं."

माझ्या छातीवरचं ओझं उतरायला हवं होतं. मी चहा टाकायला बायकोला हाक मारणार, तेवढ्यात ती पुढे म्हणाली, "तरी भाऊजी, मी मागितला तेव्हा तुम्ही थोडा विचार करायचा होतात. निदान त्या बाकावरून मी उठेपर्यंत."

ती रडत नव्हती, रागावलेलीही नव्हती. माझ्याकडून एक वस्तू राहून गेली होती, तेवढंच सांगावं तसं तिने सांगितलं. मला खूप वाईट वाटलं, आणि जे खरं होतं ते मी सांगितलं.

"विचार केला असता, वहिनी, तर दिला असता."

मग आमच्या स्वयंपाकघरातून नळाचा थेंब पडल्याचा आवाज आला, तशी ती सवयीने उठली, टेबलावरचं पाकीट उचललं आणि आत जाऊन म्हणाली की पाणी बंद करा, हा मी बदलून देते.